आधी दुकानदाराला मेसेज, की थेट रिव्ह्यू?

ड्राय-क्लीनिंगहून आणलेली आईची रेशमी साडी घरी उघडली, तर जांभळ्या काठाचा रंग मोतिया अंगात वीतभर उतरलेला. बिल 450 रुपयांचं. एक स्टार आणि चार झणझणीत ओळी मनात तयारच होत्या. त्या टाकायच्या की आधी दुकानाला मेसेज करायचा, हे ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: मला नक्की काय हवंय? साडी सुधारून हवी असेल तर एक रस्ता, बाकीच्या गिऱ्हाइकांना सावध करायचं असेल तर दुसरा.

थेट रिव्ह्यू टाकला की तो मालकाच्या डोळ्यांत लगेच भरतो, हे खरं. पण गूगलवर त्याला खाली उत्तर देता येतं, आणि ते उत्तर तो तुमच्यासाठी लिहीत नाही, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी लिहितो. ‘साडी आधीपासूनच कच्च्या रंगाची होती’ असं त्याने एकदा चारचौघांत लिहिलं की नंतर माघार घेणं त्याला जड जातं. मेसेजमध्ये तोच माणूस ‘पोराकडून चूक झाली’ एवढं कबूल करू शकतो. शिवाय रंग उतरलेल्या कपड्याला वेळेचं बंधन असतं. दुकानात परत प्रक्रिया करून थोडाफार रंग निघण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त. घरी धुतलं किंवा इस्त्री फिरवली तर डाग पक्का होतो आणि वर ‘तुम्हीच बिघडवली’ म्हणायला दुकानदार मोकळा.

मेसेजची उणी बाजूही आहे. ‘बघतो’, ‘मालक गावाला गेलेत’ यात आठवडे जातात. म्हणून तारीख न घातलेला मेसेज मी अर्धाच मेसेज समजते.

पाठवण्याआधी साडीला स्टेपल केलेली नंबराची चिठ्ठी काढू नका. दिवसाच्या उजेडात त्या चिठ्ठीसकट डागाचा एक फोटो, पूर्ण साडीचा एक आणि बिलाचा एक, एवढे पुरेत. व्हॉइस नोट नको. काउंटरवरचा मुलगा ती मालकाला ऐकवेलच असं नाही, लिहिलेलं मात्र तसंच पुढे जातं.

माझा पहिला मसुदा असा होता: ‘तुम्ही आमच्या साडीची वाट लावलीत. पैसे परत करा, नाहीतर असा रिव्ह्यू देईन की दुकान बंद पडेल.’ यात बिल नंबर नाही, काय झालं ते नाही, आणि धमकी मात्र आहे. धमकीचा स्क्रीनशॉट दुकानदाराने दाखवला की खरी तक्रारसुद्धा खंडणीसारखी दिसते. रिव्ह्यूचा उल्लेखच नको. तो तुमच्या हातात आहे, हे दुकानदाराला न सांगताही कळतं.

पाठवला तो हा:

‘नमस्कार. बिल नं. अमुक, शनिवारी साडी दिली, काल संध्याकाळी नेली. काठाचा जांभळा रंग पदराजवळ अंगात उतरला आहे. देताना असा डाग नव्हता. फोटो जोडले आहेत. साडी धुतलेली नाही, इस्त्रीही केलेली नाही, चिठ्ठी तशीच आहे. कृपया विनाशुल्क पुन्हा प्रक्रिया करून द्यावी. डाग निघणार नसेल तर भरपाईबद्दल बोलू. शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.’

यात मागणी एक आहे, तिला पर्याय एक आहे आणि मुदत आहे. ‘देताना डाग नव्हता’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. साडी देतानाचा फोटो असेल तर उत्तमच, आमच्याकडे हळदीकुंकवाचा सापडला.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. बोलून झाल्यावर ‘आपलं ठरल्याप्रमाणे बुधवारी साडी देते’ असं मी लगेच लिहून पाठवलं, म्हणजे फोनवरचं कागदावर आलं. डाग बराच फिका झाला, पूर्ण गेला नाही. 450 रुपये परत मिळाले. साडीची किंमत मागितली नाही, कारण ती 20 वर्षांची होती आणि आईला पैसे नव्हे, साडी हवी होती.

थेट जाहीर लिहावं अशीही प्रकरणं असतात: खाण्यात खराब माल निघाला, किंवा पैसे घेऊन फोन बंद केला. तिथे बाकीच्यांना आज कळणं महत्त्वाचं. ऑनलाइन खरेदीत मात्र विक्रेत्याशी गोड बोलत बसू नका. रिटर्नची मुदत त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही, आधी ॲपमध्ये रिटर्न नोंदवा.

मेसेजची मुदत टळली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून 2 वर्षं असतात, आणि तिथे हाच मेसेज पुरावा म्हणून लागतो. दुकानाने ‘पैसे देतो, रिव्ह्यू काढा’ असा सौदा मांडला तर नाही म्हणा, गूगलच्या नियमांतही तो बसत नाही. मी शेवटी तीन स्टार दिले आणि लिहिलं: ‘काठाचा रंग उतरला. कळवल्यावर पुन्हा प्रक्रिया केली, पैसे परत दिले. गडद काठाची साडी देताना आधी विचारून घ्या.’