“हे अजून आले नाहीत?” दर वेळी खरं सांगायचं, की भावनेला उत्तर द्यायचं?

मैत्रिणीच्या आईला डिमेन्शिया आहे. वडील गेल्यावर तिने आईला जवळ बसवून “बाबा वारले” असं स्पष्ट सांगितलं. पहिल्यांदा तेच योग्य. “देवाघरी गेले” म्हटलं की कधी येणार, हा प्रश्न उरतो. पण संध्याकाळी आईने पुन्हा विचारलंच. आता?

त्रास पाहिला तर, दर वेळी खरं सांगणं महाग पडतं. आठवण साठत नसेल तर बातमी रोज नवी असते. बातमी विसरली जाते, उदासी मात्र मागे राहते. त्याऐवजी भावनेला उत्तर देता येतं: “त्यांची आठवण येतेय ना? पहिल्यांदा कुठे भेटलात?” यात रडू कमी, पण धीर जास्त लागतो.

विश्वासाच्या बाबतीत खरं बोलणं सरस. “ऑफिसला गेलेत” हे सोपं वाटतं, पण आई दाराशी ताटकळत बसते आणि घरात दुसरं कोणी वेगळं सांगितलं की घाबरते.

सांगितलेलं दुसऱ्या दिवशी थोडंतरी आठवत असेल, किंवा ती थेट “ते वारले का?” विचारत असेल, तर थोडक्यात खरं सांगा. रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळत असेल, तर आठवणींकडे वळा.