दहा बाय बाराचा हॉल: सोफा की दिवाण आणि बैठक?

मावसबहिणीचा हॉल दहा बाय बारा, आणि गावाकडचं कोणी ना कोणी मुक्कामाला असतंच. तिने विचारलं, सोफा घेऊ की दिवाण?

आधी जागा. थ्री-सीटर सोफा साडेसहा फूट लांब, पावणेतीन फूट खोल. दिवाण सहा बाय तीन, म्हणजे जवळपास तेवढाच. फरक पडतो सोबतच्या दोन खुर्च्यांनी. त्या आणि टीपॉय मांडले की चालायला वाट उरत नाही, आणि बसतात पाचच जण. दिवाणावर तिघं, खाली सतरंजी-गाद्यांवर आणखी सहा-सात, आणि पाहुणे गेले की गाद्या दिवाणाच्या पोटात.

रात्री तर प्रश्नच नाही. दिवाणावर एक माणूस पाय पसरून झोपतो. सोफ्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या हातांमुळे पाय दुमडावे लागतात.

पण गुडघे! आमच्या काकू खाली बसल्या की उठायला दोघं लागतात. दिवाण गादीसकट सतरा-अठरा इंच उंच हवा, आणि पाठीशी जाड लोड. नाहीतर तीन फूट खोल दिवाणावर मागे टेकून बसलं की पाय अधांतरी.

कापसाची गादी दबते, ती पिंजून पुन्हा भरता येते. रेक्झिनला पोपडे सुटले की सोफ्याचं अख्खं कव्हर बदला.

संध्याकाळचे, चहापुरते, वयस्कर पाहुणे जास्त असतील तर थ्री-सीटर एकटाच घ्यावा, खुर्च्या नकोत. मुक्कामी गोतावळा असेल तर दिवाणच, जोडीला काकूंसाठी हातांची एक खुर्ची.