सहकर्ता की गाफील सेनापती? आरोप ठरवताना

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या धर्तीवरच्या मूट कोर्टात अभियोग पक्षाची बाजू मिळाली, की पहिल्याच पानावर अडायला होतं. वरच्या माणसाला गुन्ह्याचा सहकर्ता म्हणायचं, की हाताखालच्यांना आवरलं नाही म्हणून जबाबदार धरायचं? बेम्बा खटल्यात अभियोग पक्ष या दोन्ही वाटांवरून गेला, म्हणून तोच घेऊ.

ज्याँ-पिएर बेम्बा हा काँगोतल्या एमएलसी या बंडखोर संघटनेचा प्रमुख. २००२-०३ मध्ये त्याच्या सैनिकांनी शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार आणि लूट केली. सुरुवातीला आरोप होता या न्यायालयाचा मूळ कायदा असलेल्या रोम संविधीच्या कलम २५ खाली, सहकर्ता म्हणून. हा आपल्या फौजदारी कायद्यातल्या 'सामाईक इराद्या'चा लांबचा भाऊ, पण हट्टी. योजना समान हवी, आरोपीचा वाटा काढला तर गुन्हा फसेल इतका मोठा हवा, आणि गुन्हा घडणारच याची त्याला जाणीव हवी. नुसती 'घडूही शकेल' अशी शंका पुरत नाही. अभियोग पक्षाचं घोडं इथेच अडलं. मार्च २००९ मध्ये न्यायाधीशांनी कलम २८ चा, म्हणजे सेनापतीच्या जबाबदारीचा, विचार करायला सांगितलं, आणि जूनमध्ये आरोप निश्चित झाले ते त्याच कलमाखाली.

कलम २८ मध्ये इराद्याचा प्रश्न नाही. सैन्यावर प्रत्यक्ष ताबा होता, गुन्ह्यांची माहिती होती किंवा असायला हवी होती, आणि तरीही शक्य ते वाजवी उपाय केले नाहीत, एवढं दाखवायचं. (सेनापती नसून नागरी वरिष्ठ असेल, तर 'माहिती असायला हवी होती' चालत नाही, स्पष्ट दिसणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली असं सिद्ध करावं लागतं.) वाट सोपी वाटते. २०१६ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झालीही.

मग ८ जून २०१८ ला अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष सुटका. बहुमताचं म्हणणं असं: परक्या देशात लढणाऱ्या सैन्याची दूरवरून चौकशी करण्यावर मर्यादा असतात, आणि त्यांचा पुरेसा विचार झाला नाही. बेम्बाने मध्य आफ्रिकी पंतप्रधानांना चौकशीसाठी पत्र लिहिल्याचा मुद्दा तर खालच्या निकालात विचारातच घेतला नव्हता. शिवाय दोषारोपात नसलेल्या घटनांवरही दोषी ठरवलं होतं. मला हा निकाल सेनापतीला फार सैल सोडणारा वाटतो, पण अभियोग पक्षाने तो गृहीत धरूनच चालावं.

म्हणून आदेश, बैठकीतली साक्ष किंवा ध्वनिमुद्रण हाती असेल तर कलम २५ घ्या. हाती फक्त अहवाल आणि त्यावरचं मौन असेल तर २८. मात्र कोणत्या तारखेला कोणता उपाय त्याच्या हातात होता, हे दोषारोपातच लिहा.

दोन्हींच्या मधे अपप्रेरणा आणि साहाय्य आहे. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा हत्याकांड प्रकरणात माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिचला वंशसंहाराचा सहभागी म्हणून ४६ वर्षं झाली होती. २००४ च्या अपिलात त्याचा स्वतःचा वंशसंहाराचा हेतू सिद्ध झाला नाही, पण इतरांचा हेतू माहीत असून आपल्या सैन्यदलाची माणसं आणि साधनं वापरू दिली हे टिकलं. शिक्षा ३५ वर्षांवर आली.