सण आणि भेटींचा खर्च: एकच निधी, दोन वाटे की विचारून खर्च?

सणावारी होणारा खर्च आणि नातेवाइकांना द्यायच्या भेटी यावरून नवरा-बायकोत वाजतं, त्याची कारणं तीन वेगवेगळी असू शकतात. कुठे एकूण आकड्यावरूनच मतभेद असतात. कुठे आकडा दोघांना मान्य असतो, पण कोणाच्या माणसांवर किती गेले हे सलत असतं. आणि कुठे वर्षभर सगळं सुरळीत चालतं, पण एखाददुसऱ्या मोठ्या प्रसंगाला ठिणगी पडते. यावर तोडगा म्हणून घरांमध्ये साधारण तीन पद्धती चालतात: वर्षाचा एकच सामायिक निधी, दोघांचे स्वतंत्र वाटे, किंवा ठरावीक रकमेच्या वर गेलं की एकमेकांना विचारायचं. तिन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण प्रत्येक एकाच प्रकारच्या भांडणावर चालते. कोणती निवडावी हे ठरवण्याआधी आपलं भांडण कुठलं हे पाहावं लागतं, आणि ते मागच्या वर्षाच्या हिशेबात सापडतं.

हा हिशेब कसा करायचा, ते एका उदाहरणाने पाहू. रुपये-पैशांऐवजी महिन्याचं उत्पन्न 100 धरू, म्हणजे कोणालाही आपले आकडे त्यात बसवता येतील. या घराचा नेहमीचा खर्च 82 आहे, म्हणजे महिन्याला 18 उरायला हवेत आणि वर्षाला 216. प्रत्यक्षात वर्षअखेरीस शिल्लक दिसते 120. मधले 96 गेले कुठे? बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढून दोघांनी एकत्र बसून तीन रकाने केले: घरचे सण (त्यासाठीच्या प्रवासासकट), त्याच्याकडच्यांच्या भेटी, तिच्याकडच्यांच्या भेटी. आकडे आले 44, 34 आणि 18. प्रवास विसरू नका. एकाचे नातेवाईक लांब राहत असतील, तर बऱ्याचदा भेटीपेक्षा तिकिटांनाच जास्त पैसे लागतात आणि ते कोणाच्याच नावावर दिसत नाहीत. रोख दिलेले पैसेही आठवून लिहा. आठवत नसेल, तर सणाच्या आधीच्या आठवड्यात एटीएममधून काढलेल्या रकमा पाहिल्या की बराच अंदाज येतो.

हे रकाने समोर आले की बोलण्याचा सूर बदलतो. तोवर एकाला वाटत असतं, "आपण महिन्याला 18 वाचवतो, मग सणाला एवढा हात का आखडायचा?" खरी बचत 10 आहे, हे त्याने कागदावर पाहिलेलंच नसतं. या जोडप्याने ठरवलं की बचत निदान 12 हवी. म्हणजे वर्षाला 144, आणि सण-भेटींसाठी उरतात 72. 96 वरून 72 वर यायचं आहे. आता तिन्ही पद्धती या आकड्यांवर लावून बघू.

एकच सामायिक निधी

दर महिन्याला 6 वेगळ्या खात्यात टाकायचे आणि सण असो की भेट, त्याच खात्यातून खर्च करायचा. वर्षाच्या सुरुवातीला यादी करायची: कोणते सण, कोणाकडची कार्यं, कोणाला काय. या पद्धतीचा मोठा फायदा असा की वाद वर्षातून एकदाच होतो, आणि तोही दुकानात किंवा पाहुण्यांसमोर न होता घरी शांतपणे होतो. सणाच्या महिन्यात क्रेडिट कार्डावर ओझं टाकावं लागत नाही. ऋण काढून सण साजरा करण्याची सवय मोडायची असेल, तर तिन्हींत हीच सगळ्यात पक्की पद्धत.

ती फसते दोन ठिकाणी. पहिलं कारण वेळेचं. सगळ्यात मोठ्या सणाला घरखर्च आणि भेटी मिळून 32 लागत असतील, तर महिन्याला 6 प्रमाणे तेवढे जमायला जवळपास साडेपाच महिने लागतात. सणाच्या तीन महिने आधी निधी सुरू केला, तर खात्यात 18 असतात, उरलेले पुन्हा उसने घ्यावे लागतात आणि "हे काही जमत नाही" म्हणून खातं बंद पडतं. म्हणून निधीची सुरुवात मोठा सण संपल्यावर लगेच करावी. दुसरं कारण अचानक आलेल्या निमंत्रणाचं. 72 पैकी 72 ची यादी केली, तर पहिल्याच अनपेक्षित लग्नाला ती मोडते. निदान 12 कोणाच्याही नावावर न टाकता ठेवावेत.

याखेरीज एक अवघड बाजू आहे. यादी करताना माणसांची उतरंड लावावी लागते. "तुझ्या मावशीला एवढं आणि माझ्या काकांना तेवढंच?" हा प्रश्न इथे हमखास येतो. मतभेद एकूण आकड्यावर असतील, तर तो झेपतो. पण मूळ दुखणंच माणसांवरून असेल, तर ही यादी दरवर्षी तीच जखम उघडते. दोन बैठकांनंतरही यादी पूर्ण होत नसेल आणि प्रत्येक नावापाशी जुन्या गोष्टी निघत असतील, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

दोघांचे स्वतंत्र वाटे

इथे घरचे सण आणि सगळ्यांचा प्रवास सामायिक खर्चातून करायचा. भेटींची रक्कम मात्र दोघांत वाटायची आणि आपल्या वाट्यातून कोणाला काय द्यायचं, हे दुसऱ्याने विचारायचं नाही. माझ्या मते, दोन्हीकडचे नातेवाईक आणि त्यांच्याशी असलेली जवळीक फार वेगळी असेल, तर ही पद्धत सगळ्यांत जास्त शांतता देते. एकाला भावाच्या मुलांसाठी हौसेने घ्यायचं असतं, दुसऱ्याला ते अनावश्यक वाटतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि इथे कोणालाच हार मानावी लागत नाही.

अडतं ते वाटणीपाशी. आपल्या उदाहरणात 72 पैकी घरच्या सणांना 32 ठेवले, भेटींना उरले 40. सरळ निम्मे केले तर 20-20. तिला मागच्या वर्षीच्या 18 पेक्षा जास्तच मिळतात, त्याला 34 वरून 20 वर यावं लागतं. सगळी कपात एकट्यावर पडली की त्याला ही शिक्षा वाटणार. मागच्या वर्षीच्या प्रमाणात वाटलं, तर त्याला साधारण 26 आणि तिला 14. यात आजवर जो जास्त खर्च करत आला त्यालाच पुन्हा जास्त, आणि जिने हात राखला तिलाच कमी. हेही न्याय्य नाही.

मधला मार्ग असा: 40 पैकी अर्धे, म्हणजे 20, समान वाटायचे, दोघांना 10-10. उरलेले 20 घरांच्या संख्येवर वाटायचे. त्याच्याकडची सात घरं आहेत, तिच्याकडची तीन. म्हणजे त्याला 14, तिला 6. एकूण त्याचे 24, तिचे 16. त्याची कपात 10 ची, तिची 2 ची. मोठं कुटुंब असणं हा काही कोणाचा दोष नाही, हे या वाटणीत धरलेलं आहे, आणि लहान कुटुंब असलेल्यालाही स्वतःचं असं काही उरतं. घरं कुठली मोजायची हे आधी ठरवा. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी प्रत्यक्ष देणं-घेणं झालं तीच, अशी साधी कसोटी लावली की यादी भलतीच वाढत नाही.

या पद्धतीत एक गोष्ट गुपचूप घडते. खरेदी करणारं माणूस बहुधा एकच असतं. ते सासरच्यांसाठीही आणतं, आणि पैसे स्वतःच्याच वाट्यातून जातात. काही महिन्यांनी एकाचा वाटा संपलेला आणि दुसऱ्याचा जवळपास तसाच शिल्लक दिसला, तर आधी हेच तपासा. ज्याची माणसं, त्याचे पैसे आणि शक्यतो त्याचीच धावपळ, हे स्पष्ट बोलून ठेवावं.

ठरावीक रकमेच्या वर विचारून

वेगळं खातं नको, वाटे नकोत. एका भेटीला 2 च्या वर जायचं असेल तर आधी विचारायचं, एवढंच. सोपं आहे म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात. ज्यांच्याकडे वर्षाला मोजकीच कार्यं असतात त्यांना हे पुरतंही.

पण याच घराला ते लावून बघा. भेटींवर गेलेल्या 52 पैकी 30 हे दीड-दीडच्या वीस भेटींचे होते. मर्यादा 2 ची असती, तर त्यातल्या एकीबद्दलही बोलणं झालं नसतं. अर्ध्याहून जास्त खर्च मर्यादेच्या खालून निघून गेला असता. दुसरी अडचण वेळेची. विचारणा होते ती आदल्या दिवशी, दुकानातून फोनवर:

"अरे, हे तीनपर्यंत जातंय. घेऊ का?"

"आता काय सांगू? उद्याच कार्य आहे ना? घे."

याला संमती म्हणता येत नाही, आणि ती नाइलाजाची होती हे पुढच्या भांडणात बाहेर येतंच. ही पद्धत ठेवायचीच असेल, तर विचारायचं ते निमंत्रण आल्याबरोबर.

कपात कुठून करायची

पद्धत कुठलीही निवडली तरी 24 कमी करायचेच आहेत, आणि भीती एकच असते: लोक काय म्हणतील. इथे दोन अभ्यास उपयोगी पडतात. अर्थतज्ज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून मांडलं, की भेट घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचं मोल तिच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरतं. भावनिक मोल त्यात धरलेलं नव्हतं. लांबच्या नातेवाइकांकडून आलेल्या वस्तूंत ही तूट जास्त होती, जवळच्या मित्रांच्या भेटींत कमी. पुढे 2009 मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांना दिसलं, की महाग भेट जास्त आवडेल असं देणाऱ्याला वाटतं, घेणाऱ्याच्या आनंदाचा मात्र किमतीशी फारसा संबंध दिसत नाही.

म्हणून कात्री आधी लांबच्या नात्यांतल्या वस्तूंना लावावी. तिथे लहान रोख रक्कम दिलेली बरी. सख्ख्या भावंडांत बोलणं शक्य असेल, तर "यापुढे फक्त मुलांना, किंवा घराला मिळून एकच" असं ठरवता येतं. हे ज्याचं भावंड त्यानेच बोलावं. जावयाने किंवा सुनेने काढलेला विषय चिक्कूपणाचा ठरतो. ज्यांनी अलीकडेच आपल्याला मोठं काही दिलंय, तिथे मात्र या वर्षी हात आखडू नये. ती परतफेड पूर्ण करून पुढच्या प्रसंगापासून कमी करावं.

ज्या घरात कार्डाची मागची थकबाकी अजून फिरतेय, तिथे यातली कुठलीही पद्धत लगेच लागू होणार नाही. एकीकडे निधीत 6 टाकायचे आणि दुसरीकडे कार्डाचं व्याज भरायचं, यात तोटाच आहे. आधी थकबाकी फेडायची. तोवर मोठा सण एकदा बेताने करून, दोघांनी मिळून तो निरोप दोन्हीकडे आधीच द्यायचा. मग निधी किंवा वाटे सुरू करावेत. वर्षअखेरीस काही उरलं, तर ते बचतीत न ढकलता पुढच्या वर्षाच्या निधीत ठेवा. लग्नाची दोन-तीन निमंत्रणं एकाच महिन्यात आली की ते लागतंच.