सरासरी की डकवर्थ-लुईस?
टीव्हीवरच्या सामन्यात पाऊस आला की सोलापुरात आमच्या चहाच्या टपरीवर एकच वाद: सरळ सरासरीने निकाल का लावत नाहीत?

समजा, पहिल्या संघाने 50 षटकांत 250 केल्या आणि पाठलागाची 30 षटकं झाल्यावर पावसाने सामना संपवला. सरासरीने बरोबरी 150 वर, मग गडी दोन गेलेले असोत की सहा. खोट इथेच आहे.

डकवर्थ-लुईस उरलेली षटकं आणि हातातले गडी एकत्र मोजते. जुन्या छापील तक्त्यात 20 षटकं, 8 गडी हाती म्हणजे 52.4 टक्के ताकद शिल्लक, 47.6 वापरलेली. 250 चे तेवढे टक्के 119. 120 ला विजय. सहा गडी गेले असतील तर शिल्लक 30.8च, म्हणून 174 हव्यात. 6 बाद 160 वाला संघ सरासरीने जिंकतो, इथे हरतो. मला हेच न्याय्य वाटतं. आता हिशेब संगणकावर होतो, आकडे थोडे वेगळे येतात.