बूस्ट घ्यावा की प्रीमियम फिल्टर?

लग्नाच्या विचाराने डेटिंग ॲपवर असलेल्या मावसबहिणीचा प्रश्न: पैसे कशावर घालवू?

टिंडरचा बूस्ट ३० मिनिटं चालतो. तेवढ्या वेळात तुमचं प्रोफाइल परिसरातल्या लोकांना आधी दिसतं, बस्स. लाइक वाढतात, पण ते कोणाचे हे बूस्ट ठरवत नाही. रविवारी रात्री गर्दी असते तेव्हा लावला, तरी नंतरची निवडानिवड तुमच्याच गळ्यात. फोटो आणि माहिती कच्ची असेल तर तेच कच्चं प्रोफाइल जास्त जणांना दिसतं.

प्रीमियम फिल्टर तुमच्या अटींत बसणारी प्रोफाइलंच दाखवतो. त्याचे पैसे महिन्याचे, पण कष्ट वाचतात. बहिणीला लग्नानंतर मुलं हवीत, सिगारेट चालत नाही. हे तिसऱ्या भेटीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मात्र फिल्टर लोकांनी भरलेल्या माहितीवरच चालतो. रकाना रिकामा ठेवणारा चांगला मुलगाही गळू शकतो, आणि खोटं लिहिणारा आरामात आत येतो. (‘कधीतरी ओढतो’वाले तर असतातच!)

पुण्या-मुंबईत प्रोफाइलं उदंड, तिथे अटी ठाम असतील तर एक महिना फिल्टर घ्यावा. साताऱ्यासारख्या ठिकाणी चार-पाच प्रोफाइलांत यादी संपत असेल तर फिल्टर नकोच, अंतराची मर्यादा वाढवा. बूस्ट फक्त नव्या शहरात आलेल्याने, तोही एकदाच.