एक सेट-टॉप बॉक्स, दोन टीव्ही आणि मधली पंधरा मीटर केबल : काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीचा फुटबॉल सामना मध्यंतरानंतर सुरू झाला आणि खालचा व वरचा असे दोन्ही टीव्ही एकाच क्षणी काळे पडले. कोल्हापूरच्या पेठेत राहून सामना अर्धाच पाहायला मिळणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या रात्रीनंतर हा अनुभव लिहून ठेवावा असे ठरवले, कारण एका बॉक्सचे चित्र दोन टीव्हींना वाटून देणाऱ्या स्प्लिटरविषयीचे माझे मत पहिल्या आठवड्यात एक होते आणि आज ते बरेच वेगळे आहे.

आमची मांडणी साधी आहे. दिवाणखान्यातील एचडी सेट-टॉप बॉक्समधून दीड मीटरची एचडीएमआय केबल स्प्लिटरमध्ये जाते, तिथून एक छोटी केबल खालच्या टीव्हीला आणि दुसरी, पंधरा मीटरची, भिंतीतल्या पाइपमधून वरच्या खोलीतील टीव्हीला. वरच्या टीव्हीसाठी वेगळा बॉक्स घेतला तर त्याचे दरमहा पैसे मोजावे लागतात; स्प्लिटर आणि केबलचा खर्च एकदाच होतो. घरात दोन्हीकडे एकाच वेळी वेगवेगळे चॅनल कोणी पाहत नाही, त्यामुळे हिशेब मला पटला होता. प्रत्यक्षात वरच्या टीव्हीपर्यंतचे अंतर नऊ मीटरच भरते, पण वायरमनने ‘थोडी जादा असू दे ओ, पुढं उपयोगी पडंल’ म्हणून पंधरा मीटरची आणायला लावली आणि उरलेली केबल वेटोळे करून टीव्हीमागे बांधून टाकली.

सुरुवातीचे काही आठवडे सगळे ठीक चालले. मग कधी बॉक्स सुरू करताना कंपनीचे बोधचिन्ह दिसायचे आणि त्यापुढे काहीच नाही. कधी चित्र येऊन दर काही सेकंदांनी क्षणभर काळे व्हायचे. सेवा केंद्राचा माणूस आला, त्याने बॉक्स थेट खालच्या टीव्हीला जोडला, चित्र आले, ‘बॉक्स ओके आहे’ असे लिहून सही घेतली आणि तपासणीचे पैसे घेऊन गेला. राजारामपुरीतील दुकानदाराने माझ्या पंधरा मीटर केबलला आपला लॅपटॉप जोडला, पडद्यावर त्याच्या लॅपटॉपचे चित्र स्वच्छ उमटले आणि तो म्हणाला, ‘साहेब, पिक्चर दिसतंय की! केबल एक नंबर आहे.’ स्प्लिटरवर तर दोन्ही आउटपुटचे हिरवे दिवे जळतच होते. म्हणजे प्रत्येक वस्तू सुटी तपासली तर निर्दोष, आणि एकत्र जोडली की पडदा काळा.

दुकानदाराची चाचणी खोटी नव्हती, अपुरी होती. एचडीएमआय केबलमध्ये दोन अगदी भिन्न प्रकारची कामे चालतात. चित्र आणि आवाज अतिवेगवान तारांच्या जोड्यांवरून एकाच दिशेने जातात. त्यांच्या शेजारी दोन साध्या, संथ तारा असतात, १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवर. त्यांवरून बॉक्स आणि टीव्ही एकमेकांशी बोलतात. टीव्ही कोणता आहे, त्याला कोणते रिझोल्यूशन चालते ही माहिती याच तारांवरून वाचली जाते आणि एचडीसीपीची, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स त्यावर लावतो त्या कुलपाची, ओळखपरेडही याच तारांवर होते. लॅपटॉपचा डेस्कटॉप नेहमीच्या वापरात एचडीसीपीने कुलूपबंद केलेला नसतो, म्हणून ओळखपरेड झाली नाही तरी तो दिसतो. बॉक्सचे बोधचिन्ह दिसून पुढे काळोख होणे हेही त्याच जातीचे लक्षण आहे: कुलूप लागेपर्यंत चित्र, लागल्यावर नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या चाचणीने एवढेच सिद्ध होते की वेगवान तारा शाबूत आहेत.

ओळखपरेड कशी चालते हे समजल्यावर निम्मा त्रास उलगडला. आमच्यासारख्या एचडी बॉक्समध्ये एचडीसीपीची १.४ ही आवृत्ती असते. बॉक्स टीव्हीकडून ४० बिटांचा एक ओळखक्रमांक मागतो आणि त्यात नेमके २० एक व २० शून्य असावेच लागतात. वाचताना एक बिट जरी चुकला तरी ही मोजणी बिघडते आणि क्रमांक फेटाळला जातो. त्यानंतर दोन्ही बाजू आपापल्या गुप्त किल्ल्यांवरून एक उत्तर काढतात आणि बॉक्स ते जुळते का पाहतो. एवढ्यावर संपत नाही: चित्र चालू असतानाही दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या चित्राला सुमारे अडीच सेकंदांनी, ही पडताळणी पुन्हा होते. त्यातली एखादी फसली की बॉक्स सगळी ओळखपरेड पहिल्यापासून करतो आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. आमच्याकडे चित्र ठरावीक अंतराने डोळा मिटल्यासारखे जायचे, ते यामुळे.

आता लांब केबल यात कशी बिघाड करते? ओळखपरेडीचा वेग फार तर १०० किलोहर्ट्‌झ असतो, म्हणजे चित्राच्या मानाने गोगलगाय. वेग कमी असूनही लांबी बाधते, कारण या तारांवरचा सिग्नल एका रोधामार्फत ५ व्होल्टकडे वर खेचला जातो आणि तारेची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, प्रत्येक वेळी आधी भरावी लागते. केबल लांब तेवढी धारकता जास्त. एचडीएमआयच्या नियमात केबलला ७०० पिकोफॅरडची मर्यादा आहे. ती ओलांडली की सिग्नलची उभी कड तिरकी होते, शून्यावरून एकावर जायला उशीर होतो आणि वाचणारा एकाला शून्य समजतो. माझ्या टीव्हीमागे बांधलेले सहा मीटरचे निरुपयोगी वेटोळे ही धारकता फुकट वाढवत होते.

हे ओळखण्याची एक सोपी, बिनखर्चाची खूण आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. लांब केबलमुळे वेगवान तारांवरचे चित्रच कमजोर होत असेल, तर पडद्यावर आधी पांढरे ठिपके चमकत असतात आणि रिझोल्यूशन उतरवल्यावर ते कमी होतात. माझ्याकडे ठिपका कधीच दिसला नाही आणि ७२० वर आणूनही काळा पडदा तसाच राहिला, कारण रिझोल्यूशन काहीही ठेवले तरी संथ तारांचा वेग तेवढाच राहतो. यावरून दोष ओळखपरेडीत आहे हे पक्के झाले. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घ्या, हा दुकानदाराचा सल्ला मी तिथेच बाजूला ठेवला.

तरीही तेव्हा माझा सगळा राग स्प्लिटरवर होता. बॉक्स थेट पंधरा मीटर केबलला जोडला तर बहुतेक वेळा चित्र येत असे, स्प्लिटर मध्ये आला की नाही. मग दोषी कोण, हे उघड वाटत होते. पण स्प्लिटरचे काम बॉक्सपेक्षा अवघड असते. तो एकीकडे टीव्हीचे सोंग घेऊन बॉक्ससमोर स्वतःची ओळख पटवतो, दुसरीकडे बॉक्सचे काम करून दोन्ही टीव्हींची ओळख पटवून घेतो आणि त्या सगळ्यांची यादी बॉक्सकडे पाठवतो. या यादीसाठी बॉक्स ५ सेकंद थांबतो. वरच्या टीव्हीकडून क्रमांक नीट वाचला गेला नाही की यादी अपुरी, यादी अपुरी की बॉक्सचा नकार, आणि मग काही दोष नसलेला खालचा टीव्हीही काळा. पंधराऐवजी दहा मीटरची केबल, वेटोळे न करता, त्याच पाइपमधून ओढून घेतली. स्प्लिटर तोच ठेवला. दर काही सेकंदांनी चित्र जाणे त्या दिवसापासून बंद झाले, म्हणून स्प्लिटरला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मी परत घेतो.

उरलेल्या निम्म्या त्या हिरव्या दिव्यासाठी राखून ठेवल्या आहेत. हा दिवा काय सांगतो, हे खोक्यावर कुठेही छापलेले नाही. तो ‘टीव्ही जोडला गेला आणि सर्व ठीक आहे’ असे सांगतो असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात माझ्या स्प्लिटरवर तो फक्त १९ क्रमांकाच्या पिनेवर व्होल्टेज परत आले की जळतो. स्प्लिटर १८ क्रमांकाच्या पिनेवरून ५ व्होल्ट पाठवतो आणि पुष्कळ टीव्हींत तेच व्होल्टेज एका रोधातून १९ वर परत जाते, टीव्हीला वीज असो वा नसो. मी वरच्या टीव्हीचे भिंतीवरचे बटण बंद केले तरी दिवा हिरवाच! म्हणजे स्प्लिटरच्या लेखी वरती टीव्ही हजर आहे, पण एचडीसीपीचे उत्तर द्यायला आत कोणी जागे नाही. अशा वेळी बॉक्स नव्याने सुरू केला तर खालचा टीव्ही काळा. ओळखपरेड झाली की नाही हे दाखवणारा दुसरा एक दिवा लावायला उत्पादकाला किती खर्च आला असता? त्या एका दिव्याने माझे सेवा केंद्राला दिलेले पैसे वाचले असते.

यावर तोडगा दोनच आहेत. दोन्ही टीव्ही हवे असतील तर आधी दोन्ही टीव्ही, मग स्प्लिटरचा अडॅप्टर आणि सर्वांत शेवटी बॉक्स, या क्रमाने सुरू करायचे. वरचा टीव्ही लागणारच नसेल तर स्प्लिटरमधून त्याची केबल उपसून ठेवायची. भिंतीवरचे बटण पुरत नाही. स्प्लिटरला टीव्हीच्या यूएसबीवरून वीज देण्याची सूचना खोक्यावर आहे, ती मी पाळत नाही, कारण टीव्ही बंद झाला की स्प्लिटरही बंद होतो आणि पुढच्या वेळी सगळा क्रम बिघडतो.

एचडीसीपी काढूनच टाकणारे स्वस्त स्प्लिटर मिळतात, ते घ्या म्हणजे कटकट संपेल, असेही दोघातिघांनी सुचवले. परवान्याच्या नियमांत ते बसत नाही आणि अशा वस्तूवर कोणी वॉरंटीचा शिक्काही मारून देत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही. प्रकाशतंतूची लांब केबल हा दुसरा सल्ला. तिच्यात चित्र काचेतून जाते, पण बऱ्याच प्रकारांत ओळखपरेडीच्या संथ तारा तांब्याच्याच असतात, त्यामुळे माझ्या दुखण्यावर ते औषध ठरेलच असे नाही. अंतर खरोखर पंधरा-वीस मीटर असते तर मी कॅट-६ या नेटवर्क केबलवरून चित्र लांब नेणारा, दोन्ही टोकांना वीज लागणारा एचडीबेसटी संच पाहिला असता. नऊ मीटरसाठी तो खर्च मला परवडत नाही.

हे सगळे एचडी बॉक्सपुरते आहे. फोरके बॉक्स घ्यायचा असेल तर बॉक्स, स्प्लिटर आणि दोन्ही टीव्ही एचडीसीपी २.२ चे असावे लागतात. त्यातला एखादा जुना निघाला तर चित्र १०८० वर उतरते किंवा येतच नाही. माझा वरचा टीव्ही जुना आहे, त्यामुळे तो बदलेपर्यंत फोरके बॉक्स घरात येणार नाही.